गेंदा फूल कुणाचं? चालचोरीचा आरोप करण्याआधी

दिवाळी आटोपली की आमच्या पूर्व विदर्भात मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात, आणि दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांचे, झाडीपट्टीच्या नाटकांचे तुकडे गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरायला लागतात. यंदा त्यांच्यात एक वेगळाच व्हिडिओ मिसळला. धानाच्या बांधीत कापणी करणारी एक बाई ‘सास गारी देवे’ गाते आहे. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्याला जोडून ‘दिल्ली-६’ सिनेमातलं ‘ससुराल गेंदा फूल’. शेवटी एका म्हाताऱ्या गायकाचा फोटो आणि खाली मजकूर: आमच्या झाडीच्या लोकगीताची चाल रहमाननं चोरली, हा त्याचा खरा कर्ता, याला एक रुपयाही मिळाला नाही, शेअर करा. दोन दिवसांत ग्रुपांचे दोन तट पडले. एक म्हणतो, मुंबईवाले आपल्याला लुटतात. दुसरा म्हणतो, रहमानसारख्या माणसाला चोर म्हणायला लाज वाटत नाही का? चाल मात्र कुणी तपासली नाही, आणि त्या बाईचं नाव काय, हेही कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं असं आहे की या मजकुरात एक गोष्ट खरी, एक सिद्ध न झालेली आणि एक साफ चुकीची आहे. तिन्ही एकाच दोरीत बांधल्यामुळे खऱ्या गोष्टीचीही किंमत जाते. दुसरं त्याहून महत्त्वाचं: ‘हे लोकगीत आहे’ हे वाक्य आपण आरोप म्हणून वापरतो, पण व्यवहारात ते बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच कामी येतं. एखाद्या गाण्याला लोकगीत म्हणण्याआधी त्याचा कर्ता शोधणं, हे चोरीचा आरोप करण्याच्याही आधीचं काम आहे.

आधी खरी गोष्ट. ‘ससुराल गेंदा फूल’चा मुखडा छत्तीसगढच्या लोकगीतावरून आलेला आहे. हे काही गुपित नाही. २००९ साली सिनेमा आला, रेखा भारद्वाज यांच्या आवाजात गाणं देशभर गेलं, तेव्हा छत्तीसगढात कुणाला ते नवं वाटलं नाही. सासू शिव्या देते, नणंद तोंड वेंगाडते, दीर तेवढा आपला, असा तो मूळ मुखडा. सिनेमासाठी प्रसून जोशींनी तो थोडा फिरवून घेतला आणि अंतरे नवे लिहिले. म्हणजे ‘चाल लोकगीतातली’ हा दावा मुखड्यापुरता बरोबर आहे, आणि तो ‘मुखड्यापुरता’ असाच मांडायला हवा. आख्खं गाणं उचललं म्हणणं वेगळं आणि मुखडा घेतला म्हणणं वेगळं. कुठली ओळ, कुठल्या ओळीपर्यंत, हे ज्या आरोपात सांगितलेलं नसतं, तो आरोप करणाऱ्यानं दोन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकलेलीच नसतात, असं माझं निरीक्षण आहे.

सिद्ध न झालेली गोष्ट म्हणजे हे गाणं ‘आमच्या झाडीचं’ असणं. गोंदिया-गडचिरोलीची पूर्व शीव छत्तीसगढला लागून आहे. देवरी, सालेकसा, कोरची या पट्ट्यात छत्तीसगढी घराघरात बोलली जाते, लेकी-सुना शिवेच्या पलीकडून येतात आणि येताना गाणी घेऊन येतात. त्यामुळे आमच्या बांधीत ही चाल ऐकू येणं अगदी स्वाभाविक आहे. पण गाण्याची बोली छत्तीसगढी आहे, झाडीबोली नाही, आणि पलीकडे हे गाणं आमच्याहून कितीतरी जास्त गावांत, जास्त अंतऱ्यांसह गायलं जातं. आपल्याकडे गायलं जाणं आणि आपल्याकडे जन्मणं यांत फरक आहे. रहमाननं छत्तीसगढचं श्रेय घेतलं म्हणून ओरडताना आपणच छत्तीसगढचं श्रेय खिशात घालत असू, तर त्या ओरडण्याला काय अर्थ राहिला?

आणि साफ चुकीची गोष्ट म्हणजे तो फोटो. फोटोतले गृहस्थ झाडीपट्टीचे नाहीत, छत्तीसगढचेही नाहीत. ते बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातले रतन कहार. त्यांचं गाणं वेगळं, भाषा वेगळी, चाल वेगळी. त्यांच्याही ओळीत ‘गेंदा फूल’ येतं आणि २०२० साली त्यांच्या गाण्यावरून आलेल्या रॅपर बादशाहच्या गाण्याचं नावही ‘गेंदा फूल’च होतं, एवढाच काय तो धागा. कुणीतरी नावावरून शोध घेतला, पुढे जो फोटो आला तो चिकटवला आणि दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या कहाण्यांची एक कहाणी करून टाकली. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण या दोन गाण्यांची तुलना केली तरच मूळ प्रश्न नीट कळतो.

रतन कहार यांनी ‘बोरो लोकेर बिटी लो’ हे गाणं १९७२च्या सुमारास रचलं. लांब केसांच्या मुलीच्या माथ्यावर लाल झेंडू बांधण्याची ती ओळ आहे. १९७६ साली स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात त्याची रेकॉर्ड निघाली आणि बंगालभर गाजली. तिच्यावर आपल्याला श्रेय मिळालं नाही, असं कहार सांगत आले आहेत. पुढे जत्रांत, लग्नांत, पूजेच्या मंडपांत ते इतक्या जणांनी गायलं की ते ‘बंगालचं पारंपरिक गाणं’ म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. २०२०च्या मार्चमध्ये बादशाहनं त्याच ओळी घेऊन गाणं काढलं तेव्हा श्रेयात ‘बंगाली लोकगीत’ असा उल्लेख होता. बंगालमधून ओरड झाली. आधीच्या रेकॉर्डींवर हे गाणं पारंपरिक म्हणूनच नोंदलेलं मिळालं, असा खुलासा बादशाहनं केला आणि कहारांना पाच लाख रुपये दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गाणं रचणारा माणूस बीरभूमच्या सिउडीत हयात होता, गात होता, आणि जगाच्या लेखी त्याचं गाणं मात्र ‘कुणाचंच नाही’ असं होऊन बसलं होतं.

इथे ‘लोकगीत’ या शिक्क्यानं काय केलं ते पाहा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चाल ही स्वतंत्र ‘सांगीतिक कृती’ असते. शब्दांचा हक्क वेगळा आणि चालीचा वेगळा. रचणारा हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. कर्ता ठाऊक नसलेलं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गाणं कुणीही घेऊ शकतो, परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. म्हणजे एखाद्या शाहिराचं गाणं आपण अभिमानानं ‘आमचं लोकगीत’ म्हणून जाहीर केलं, की घेणाऱ्याला आयती सुटका मिळते. तो म्हणणार, तुम्हीच तर सांगता लोकगीत आहे, मग चोरी कसली? रहमान आणि बादशाह यांच्यावर एकाच शब्दात एकच आरोप होतो, पण पहिल्या गाण्यात तो सिद्ध होणं अवघड आणि दुसऱ्यात भरपाई देण्याइतका खरा, याचं कारण हेच. दुसऱ्या गाण्याला माणूस होता.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आमच्या भागातले कार्यकर्ते मांडतात आणि तो मला मनापासून पटतो. ते म्हणतात, तुम्ही पुरावा मागता, तारीख मागता, रेकॉर्ड मागता. पण रेकॉर्ड करायची सोय कुणाकडे होती? आकाशवाणीचा माइक आमच्या बायांपर्यंत कितीदा पोचला? ज्याच्याकडे कागद आहे त्यानं, ज्याला कागद कधी मिळालाच नाही त्याच्याकडे कागद मागायचा, हा कुठला न्याय? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पिढ्यांची वहिवाट नाकारण्यासारखंच हे नाही का?

मुद्दा रास्त आहे. छापील साधनांची मर्यादा त्याहून मोठी आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४६ साली छत्तीसगढी लोकगीतांचा मोठा संग्रह छापला, पण असे संग्रह मुख्यतः शब्द जपतात. शब्द सापडले म्हणून चालही तीच होती असं म्हणता येत नाही, कारण एकच गीत चार गावांत चार चालींवर गातात. पण म्हणून पुरावाच नको, असं ठरत नाही. पुरावा वेगळा शोधावा लागतो, एवढंच. लोकपरंपरेतल्या गाण्याच्या अंगावर काही खुणा असतात. ते वेगवेगळ्या गावांत थोडं थोडं बदलून सापडतं. त्याला प्रसंग असतो: रोवणी, हळद, भुलाबाई, महादेवाची यात्रा. त्याचे अंतरे कमीजास्त होतात. सिनेमातून गावात आलेलं गाणं मात्र सगळीकडे जवळजवळ सारखं असतं, त्याच्या मुखड्यानंतर अंतरे आठवत नाहीत, आणि कित्येकदा दोन ओळींमधला वाद्यांचा तुकडासुद्धा गाणारी बाई तोंडानं वाजवून दाखवते. ज्या बाईला ‘सास गारी देवे’चे सिनेमात नसलेले अंतरे येतात, तिचं गाणं सिनेमातून आलेलं नाही हे सांगायला कुठलीही रेकॉर्ड लागत नाही. त्या व्हिडिओत नेमके तेच अंतरे कापले आहेत. मुखडा तेवढा ठेवला, कारण मुखडा जुळतो. दाव्याचा सगळ्यात भक्कम पुरावा दावा करणाऱ्यानंच फेकून दिला.

‘माझी आजी हे गाणं म्हणायची’ हा आमच्याकडचा लाडका पुरावा. त्याचा आदर राखून सांगावं लागतं की तो कुठल्या सालच्या गाण्याबद्दल आहे, यावर त्याचं वजन ठरतं. २००९च्या गाण्यासाठी तो चांगला पुरावा आहे. आजीनं १९८०च्या लग्नात गायलं असेल आणि चार माणसं तसं सांगत असतील, तर प्रश्न मिटला. पण १९५०-६०च्या दशकातल्या सिनेगीताबद्दल तोच पुरावा लंगडा पडतो. त्या काळात जत्रांत तंबूतल्या टॉकीज यायच्या, पाटलाच्या घरी रेडिओ होता, १९५७पासून विविध भारती होती. आज सत्तर-पंचाहत्तरची असलेली बाई तेव्हा मुलगी होती. तिनं ती चाल जात्यावर ऐकली की रेडिओवर, हे तिलाही आज सांगता येईलच असं नाही. आणि चाली फक्त गावातून शहरात गेल्या असं कुठे आहे? आमच्या भजनी मंडळांच्या छापील पुस्तिका उघडून पाहा. भजनाच्या डोक्यावर कंसात लिहिलेलं असतं, ‘चाल: अमुक अमुक’, आणि ते अमुक बरेचदा सिनेमातलं गाणं असतं. दंडारीतही तेच. गवळण जुनी असते आणि तिची चाल त्या साली गाजलेल्या सिनेमाची असते. पन्नास वर्षांनी त्या गवळणीचा व्हिडिओ काढून कुणी म्हणालं, सिनेमावाल्यांनी आमची गवळण चोरली, तर ते उलटं होईल. कोण आधी, हे ठरल्याशिवाय कोण चोर, हा प्रश्नच उभा राहत नाही.

दुसऱ्या तटाचा मुद्दाही ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, सगळं संगीत उसनवारीवरच चालतं, सात सुरांत नवं ते काय येणार? अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२चं. त्यातली पदं लावणी, साकी, दिंडी आणि कानडी पदांच्या चालींवर बांधलेली आहेत. मराठी रंगभूमीचा वैभवाचा काळच उसन्या चालींवर उभा राहिला, मग आज एवढा गहजब कशाला? उदाहरण बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ मात्र उलटा आहे. नाटकाच्या छापील पुस्तकात पदावर चाल लिहिलेली असायची. प्रेक्षकाला, गाणाऱ्या नटाला, पुढच्या नाटककाराला ती कुठून आली हे कळायचं. आमच्या भजनाच्या पुस्तिकेतला तो कंस त्याच रीतीचा वारस आहे. घेणं ही आपली जुनी परंपरा आहेच, पण सांगून घेणं हाही त्याच परंपरेचा भाग आहे. पहिला अर्धा ठेवून दुसरा टाकायचा अधिकार कुणी दिला?

‘सात सुरांत काय नवं येणार’ हे तर कानावर विश्वास नसलेल्या माणसाचं वाक्य आहे. दोन चाली जुळतात की नाही हे पेटीवर बसून पाहता येतं आणि प्रत्येक गावात एक तरी पेटीवाला असतो. रीत साधी आहे. दोन्ही गाणी एकाच पट्टीत आणायची, एकाचा सा काळी एकवर असेल तर दुसऱ्याचाही तिथेच. शब्द सोडून द्यायचे, ढोलकी-तबला विसरायचा, लय एक करायची. मग नुसते सूर लिहून काढायचे आणि सम कुठल्या सुरावर पडते ते खूण करून ठेवायचं. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. सूर तेच पण सम वेगळ्या सुरावर असली, तर कानाला ती वेगळीच चाल वाटते. उलट दोनचार सूर बदलले आणि सम, थांबा, उडी जागच्या जागी राहिली, तर चाल तीच राहते.

खरं साम्य कसं दिसतं, याचं एक उघड उदाहरण घेऊ. ‘छाया’ या १९६१च्या सिनेमात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ आहे, संगीत सलील चौधरी यांचं. मोझार्टच्या १७८८ सालच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात त्याच्याशेजारी ठेवा. तिथे कोमल धैवतावरून पंचमावर उतरायचं, ‘ध प प’, असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा पंचमावरून एकदम तार सप्तकातल्या कोमल गंधारावर उडी आहे आणि मग ‘ग रे सा, सा नि ध’ अशी पायरीपायरीनं उतरण. आता यात ‘ध प प’ हा तुकडा एकटा कुणाचाही असू शकतो. उतरणही कुणाचीही. पण तीनदा तोच झोका, मग एवढी मोठी उडी, मग ती उतरण, हा क्रम दोन माणसांना स्वतंत्रपणे सुचणं जवळपास अशक्य. सिंफनी पावणेदोनशे वर्षं आधीची आणि जगभर वाजणारी. प्रश्न संपला. पण मुखड्यापुढे सलीलदांनी ती चाल आपल्या वाटेनं नेली, हेही त्याच पेटीवर ऐकू येतं.

याउलट जात्यावरची ओवी घ्या. तीन-चार सुरांत ती सगळी मावते. भुलाबाईच्या गाण्यांचंही बरचसं तसंच, सा-रे-ग-मच्या आसपास फिरून परत सा. एवढ्या चिमुकल्या जागेत वऱ्हाडचं गाणं आणि बस्तरचं गाणं पाच-सहा सुरांपर्यंत जुळलं, तर ते जुळणारच. त्यावरून कुणी कुणाकडून घेतलं हे ठरत नाही. आमच्याकडच्या चालचोरीच्या दाव्यांतले बरेचसे याच जातीचे असतात. मुखड्याचे पाच सूर जुळले की व्हिडिओ तयार. मोजायचं असतं ते किती सूर जुळले हे नाही, जुळलेला तुकडा किती दुर्मीळ आहे हे. ‘सास गारी देवे’च्या बाबतीत सुरांसोबत शब्दांचा साचा, ओळीची लांबी आणि ‘गेंदा फूल’वर येणारा थांबा, हे सगळंच जुळतं. म्हणून तो दावा पाच सुरांच्या दाव्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

मग शिल्लक राहतो तो ‘चोरी’ हा शब्द. अमेरिकेत जॉर्ज हॅरिसन या बीटल्समधल्या गायकावर त्याच्या १९७०च्या गाण्यासाठी दावा झाला. १९६३च्या एका गाण्याची चाल त्यात आहे, असं समोरच्याचं म्हणणं होतं. १९७६ साली न्यायाधीशांनी निकाल दिला: त्यानं हे जाणूनबुजून केलं नाही, ती चाल त्याच्या मनात कुठेतरी खोल राहिली असावी, तरीही ती उचललेलीच आहे आणि भरपाई द्यावी लागेल. मला हा निकाल समंजस वाटतो, कारण तो दोन प्रश्न वेगळे करतो. चाल कुठून आली, हा एक. माणसाच्या मनात पाप होतं का, हा दुसरा. आपल्याकडे पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं गृहीत धरतात, किंवा दुसऱ्याचं उत्तर आवडलं नाही म्हणून पहिलं नाकारतात. रहमान मोठे संगीतकार आहेत हे खरं, आणि त्या मुखड्याची चाल त्यांना सुचलेली नाही हेही खरं. दोन्ही एकत्र मान्य करायला काय अडचण आहे? अडचण दुसरीकडेच आहे. हा मुखडा ज्या बायांनी इतकी वर्षं जिवंत ठेवला, त्यांच्यातल्या बहुतेकींची नावं त्या गाण्यासोबत फिरत नाहीत. याला मी चोरी म्हणणार नाही, पण देणं मात्र म्हणेन, आणि ते अजून फिटलेलं नाही.

इथे आमच्या स्वतःच्या घराकडे वळावं लागतं. विदर्भातली सगळी गाणी अनाम आहेत, हा समज कुठून आला? शाहिराची, भजनकर्त्याची रीत अशी की तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं अजूनही त्यांचीच म्हणून ओळखली जातात, याचं एक मोठं कारण म्हणजे शेवटच्या ओळीत ‘तुकड्यादास’ येतो. खडी गमतीचे, दंडारीचे शाहीर तेच करत आले: आपलं नाव, गुरूचं नाव, कधी गावाचंही नाव, सगळं शेवटच्या कडव्यात. म्हणजे श्रेयाची नोंद गाण्याच्या आतच होती, कागद नसलेल्या माणसानं ती सुरात करून ठेवली होती. आणि आपण काय करतो? मुखडा आणि एक अंतरा रेकॉर्ड करतो, अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापतो, शेवटचं कडवं टाकून देतो आणि वर लिहितो ‘आमचं लोकगीत’. त्या शाहिराला अनाम मुंबईनं केलं नाही. ते मोबाइल धरणाऱ्या आपल्याच हातानं केलं.

म्हणून माझी मागणी आमच्या भागातल्या ज्यांना खरंच या गाण्यांची चाड आहे त्यांच्याकडे आहे. गाणं घ्यायचं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत घ्या. गाणाऱ्या बाईला विचारा, माय, हे तू कोणापासून शिकली, कुठल्या गावात, कोणत्या कामाला म्हणत होते, अजून कोणाला येते? ती संमती देईल तर तिचं नाव, गाव आणि ती तारीख त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलून ठेवा, म्हणजे तुकडा कापला तरी मूळ फाइलमध्ये ते राहील. तेच गाणं शेजारच्या दोन गावांत आणि शिवेपलीकडच्या एका गावात ऐका. कर्ता सापडला तर त्याचं नाव घ्या आणि मग त्या गाण्याला लोकगीत म्हणणं थांबवा, कितीही अभिमान वाटत असला तरी. हयात शाहीर असेल तर त्यानं रचलेली चाल त्याच्या नावानं नोंदवून ठेवा. नोंदणी नसली तरी हक्क असतोच, पण उद्या कुणी विचारलं तर कागद उपयोगी पडतो.

आणि मंडईच्या रात्री माइकवर बोलणाऱ्या निवेदकांना एक सांगणं आहे. देणगीदारांची नावं तुम्ही पाच पाच मिनिटं वाचता, एकावन्न रुपयांपासून पाच हजारांपर्यंत, एकही चुकत नाही. त्याच माइकवर प्रत्येक दंडारीआधी एक वाक्य वाढवा: हे गाणं अमक्या गावच्या अमक्या शाहिराचं, चाल त्याची किंवा अमक्या सिनेमाची. चाल सिनेमाची असेल तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगा.

ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, तिथे मी एवढंच लिहिलं: मुखडा छत्तीसगढी लोकगीतातला आहे, अंतरे नाहीत, फोटो रतन कहार यांचा असून त्यांचं गाणं वेगळं आहे, तो काढून टाका, आणि गाणाऱ्या बाईचं नाव व गाव व्हिडिओ काढणाऱ्यानं कळवावं. फोटो काढला गेला. नावाची वाट पाहतो आहे.